१ मिलिमीटरचं भोक, १८ मिलिमीटरची गाठ

माझ्या अंगावर दोन वण आहेत. एक पोटावर उजवीकडे खाली, अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा. दुसरा डाव्या कानाच्या पाळीमागे, तिथे दुसरं भोक पाडून घेतलं होतं त्याचा. दोन्ही वर आले, दोन्ही लाल झाले, दोन्हींना खाज सुटली, त्यामुळे दोन्ही एकाच जातीचे आहेत असं मी बरेच महिने धरून चालले. पोटावरचा आपोआप बसला. कानावरचा केलॉइड होता, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर पसरणारा वण, तो बसला नाही, वाढत गेला, आणि कापून काढला तर आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. आता सगळे उपचार संपून दोन वर्षं होत आली आहेत, तारखा आणि कागद अजून हाताशी आहेत तोवर क्रमाने लिहून काढतेय.

सुरुवात पोटापासून करते, कारण माझी चूक तिथूनच निघाली. मार्च २०१९ मध्ये अपेंडिक्स काढलं, दुर्बिणीने नाही तर नेहमीसारखी चीर देऊन. टाके निघाले तेव्हा वण म्हणजे एक बारीक गुलाबी रेघ होती. सहा-सात आठवड्यांनी ती जाड व्हायला लागली. मे संपेपर्यंत पोटावर लाल दोरी ठेवल्यासारखी दिसायची, कपड्याची कड घासली की खाज सुटायची आणि रात्री झोपेत माझा हात तिकडेच जायचा. दोन महिन्यांच्या तपासणीला सर्जननी बघितलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, हा हायपरट्रॉफिक स्कार आहे, म्हणजे साधा उंचावलेला वण, अजून थोडा वाढेल, मग थांबेल, मग हळूहळू बसेल. सिलिकॉनची पट्टी लावायला सांगितली, दिवसातले निदान बारा तास, कमीत कमी तीन महिने. ती धुऊन परत वापरता येते हे मला आधी माहीत नव्हतं, पहिल्या दोन पट्ट्या मी उगाच टाकून दिल्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वण सगळ्यात जास्त वर होता, नंतर लाली उतरली, मग उंची उतरली, आणि सप्टेंबर २०२० पर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षात, फक्त फिकट रेघ उरली. यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की माझ्या त्वचेचा वण आधी वर येतो आणि वाट पाहिली की बसतो.

जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही कानांच्या पाळ्यांत दुसरं भोक पाडून घेतलं. सुई १ मिलिमीटरची होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. उजवा कान तीन आठवड्यांत शांत झाला आणि आजपर्यंत एकदम ठीक आहे. डावा तिसऱ्या आठवड्यात सुजला, चिकट पाणी यायला लागलं, आणि मी दिवसातून चारदा कानातलं फिरवत राहिले कारण भोक बुजेल अशी भीती वाटत होती. असं फिरवणं बरोबर नाही, आतली नवीन नाजूक त्वचा प्रत्येक वेळी सोलली जाते आणि जखम परत पहिल्यापासून भरायला लागते. दीड-दोन महिन्यांनी पाणी थांबलं आणि मी कान विसरले.

जूनमध्ये केस विंचरताना पाळीच्या मागच्या बाजूला काहीतरी बोटाला लागलं. मणी असतो तसं, टणक, गुळगुळीत, ४ मिलिमीटर. दुखत नव्हतं, खाज होती. माझ्या मामेबहिणीला आदल्या वर्षी कानाच्या वरच्या कडक भागात टोचल्यावर असाच फोड आला होता, तो कानातलं बदलल्यावर सहा आठवड्यांत गेला होता, आणि माझ्याकडे पोटाचा अनुभव होताच. म्हणून कानातलं काढून टाकलं आणि वाट बघत बसले. आता कळतं की बहिणीचा फोड तिसराच प्रकार होता. तो टोचल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच आला होता, मऊ होता, ओलसर होता, धक्का लागला की रक्त यायचं. सतत घासलं गेल्यामुळे जखमेच्या तोंडाशी कच्चं मांस वाढतं ते, घासणं थांबलं की जातं. माझी गाठ जखम पूर्ण भरून गेल्यावर कित्येक महिन्यांनी आली, कोरडी होती आणि रबरासारखी घट्ट होती. दोन्हींत इतका फरक असूनही माझ्या लक्षात आला नाही, कारण "टोचल्यावर आलेली गाठ" एवढं एकच नाव माझ्याकडे होतं.

डिसेंबरपर्यंत ती ९ मिलिमीटर झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये १२, आणि पाळी मागून पुढे वाकायला लागली. तेव्हा मी एका ठिकाणी जाऊन ती काढून घेतली. ठिकाणाचं नाव घेत नाही. भूल फक्त कानापुरती, वीस मिनिटांचं काम, चार टाके, दहाव्या दिवशी टाके काढले आणि "झालं" म्हणाले. घरात कोणाला असं काही आहे का, हे विचारलं नाही. काढलेली गाठ लॅबला पाठवली नाही. नंतर काय करायचं हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण कान इतका छान सपाट दिसत होता की मी तीन आठवडे सारखी आरशात मान वळवून बघत होते.

एप्रिलच्या शेवटी खाज परत आली. दिसत काही नव्हतं, फक्त खाज. जूनमध्ये टाक्यांच्या रेघेवर लाल कड उठली, आणि यावेळी ती मण्यासारखी एका जागी नव्हती, पूर्ण रेघभर होती. जिथे टाक्याची सुई शिरली होती ते ठिपकेसुद्धा वर आले. ऑक्टोबरपर्यंत गाठ आधीपेक्षा मोठी झाली होती आणि कुशीवर झोपले की ठसठसायची. खरं सांगायचं तर त्या काळात मला सगळ्यात जास्त त्रास गाठीचा नव्हता, मी स्वतःच्या हाताने हे वाढवून घेतलं या विचाराचा होता. केस कायम मोकळे सोडायचे, फोन दुसऱ्या कानाला लावायचा, कोणी डाव्या बाजूला येऊन बसलं की जागा बदलायची.

त्वचारोग तज्ज्ञांची अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली, १४ नोव्हेंबर २०२२. पहिली भेट चाळीस मिनिटांची झाली आणि त्यातली पंधरा मिनिटं मॅडम कान सोडून बाकीचं अंग बघत होत्या. छाती, खांदे, दंड, पाठ, लहानपणी पडल्याच्या खुणा, मग पोट. पोटावरचा वण बघून त्यांनी विचारलं, "चीर केवढी होती?" मला कुठे माहीत. पण फाइलमध्ये डिस्चार्जचा कागद होता आणि त्यात ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलं होतं, ५ सेंटिमीटर. मॅडमनी मोजपट्टी लावली, वण ५ सेंटिमीटरच होता. मग म्हणाल्या, हा जेव्हा सगळ्यात जाड होता तेव्हाचा फोटो आहे का? होता, फोनमध्ये. त्यातही दोरी जाड होती, उंच होती, पण चिरेच्या दोन टोकांच्या पुढे गेली नव्हती. मग पट्टी कानाला लावली. १८ बाय १४ मिलिमीटर.

"भोक केवढं होतं?"

"१ मिलिमीटर."

"मग बाकीचे १७ मिलिमीटर कुठून आले? तिथे तर जखम नव्हतीच."

मला फरक त्या क्षणी कळला. साधा उंचावलेला वण जखमेच्या हद्दीत राहतो, कितीही जाड झाला तरी. केलॉइड हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत शिरतो. दुसरा फरक वेळेचा. साधा वण महिना-दोन महिन्यांत उठतो, सहा महिन्यांपर्यंत वाढतो आणि नंतर वर्ष-दोन वर्षांत बसतो. केलॉइड तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, कधीकधी वर्ष उलटून गेल्यावर सुरू होतो आणि आपणहून मागे फिरत नाही. माझ्या कानाला सुरुवातीलाच पाच महिने लागले होते आणि नंतर तो एक महिनाही थांबला नव्हता, म्हणजे उत्तर माझ्या स्वतःच्या तारखांमध्येच होतं. जागासुद्धा सांगते. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, दंडाचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड, या केलॉइडच्या आवडत्या जागा. तळहात, तळपाय, पापण्या इथे तो जवळजवळ दिसतच नाही. साधा उंचावलेला वण मात्र कुठेही येतो, जास्त करून जिथे त्वचा ताणली जाते तिथे.

घरातल्यांबद्दल विचारलं तेव्हा मी ठामपणे "कोणालाच नाही" म्हणाले. बाहेर आई बसली होती, मॅडमनी तिला आत बोलावलं आणि बाही वर करायला सांगितली. दंडावर लसीच्या जागी चिंचोक्याएवढी चकचकीत गाठ. "अगं ती तर लसीची आहे, मला कळायला लागल्यापासून आहे," आई म्हणाली. ती गाठ मी आयुष्यभर बघत आले होते आणि तिला केलॉइड म्हणतात हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. म्हणून घरात विचारताना "केलॉइड आहे का" असं विचारू नका, कोणाला शब्दच माहीत नसतो, "जखमेपेक्षा मोठी झालेली खूण कोणाच्या अंगावर आहे का, लसीची, मुरमाची, कान टोचल्याची" असं विचारा.

असं का होतं हे मी मॅडमना दोन-तीन भेटींत थोडं थोडं करून विचारलं आणि घरी येऊन वाचलं, मला जसं समजलं तसं सांगते. जखम झाली की रक्त थांबतं, मग सूज येते, म्हणजे शरीर साफसफाई आणि मदतीची हाक एकदमच करतं. ती हाक ऐकून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात आणि कोलॅजनचे धागे टाकायला लागतात. पहिले धागे घाईत टाकलेले, बारीक असतात, नंतर काही महिने ते काढून त्या जागी जाड आणि मजबूत धागे बसवले जातात. म्हणजे एकीकडे बांधकाम आणि एकीकडे पाडकाम, दोन्ही चालू. हाक बंद झाली की पेशी कमी होतात आणि वण मऊ होतो. साध्या उंचावलेल्या वणात हाच कार्यक्रम लांबतो. जखम ताणली जाते, किंवा चिघळते, भरायला उशीर होतो, म्हणून बांधकाम जास्त होतं, पण शेवटी हाक थांबते आणि पाडकाम मागून येऊन जास्तीचा माल उचलून नेतं. माझं पोट हे असं बसलं.

केलॉइडमध्ये त्वचेच्या खालच्या जाड थरात सूज धुमसत राहते, आणि ती मधे नाही, कडेला. कडेच्या पेशी शेजारच्या निरोगी त्वचेतल्या पेशींनाही कामाला लावतात, त्या त्यांच्या शेजाऱ्यांना. म्हणून केलॉइडची कड लाल, टणक आणि खाजरी असते आणि मधला भाग जुना, फिकट, कधीकधी थोडा खोलगटसुद्धा. माझ्या गाठीकडे आरशात आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघितलं तेव्हा हेच दिसलं, मधे त्वचेच्या रंगाचा चकचकीत घुमट आणि खाली पाळीला जिथे चिकटली होती तिथे गोल लालसर रिंगण. कुठे खाजतं ते बोटाच्या टोकाने शोधलं, तर त्या रिंगणातच. वाढ तिथे चालू होती. फ्रान्सचे डॉक्टर आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आजाराला नाव दिलं ते खेकड्याच्या नांगीवरून, ग्रीक भाषेतल्या शब्दावरून, कारण कडेने पाय फुटल्यासारखा तो पसरतो. छातीवरचे केलॉइड तर आडवे पसरतात, हात हलवताना छातीचे स्नायू त्वचा ज्या दिशेला ओढतात त्याच दिशेला. कानाच्या पाळीवर असा ताण नसतो, तिथे बिघडवतं ते भोकात घडलेलं, म्हणजे चिघळणं, फिरवणं, कानातल्याचं वजन आणि घासणं, आणि हे सगळं अशा त्वचेत जिचा कल मुळातच तिकडे आहे. हा कल घराण्यातून येतो, सावळ्या-काळ्या त्वचेत जास्त दिसतो, आणि दहा ते तीस या वयात जोरात असतो. मग उजवा कान कसा वाचला? तो चिघळला नाही, एवढाच फरक मला दिसतो.

आणि म्हणूनच नुसतं कापणं चालत नाही. नुसतं कापलेल्यांपैकी निम्म्यापासून ते जवळजवळ सगळ्यांमध्ये केलॉइड परत येतो, असे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत आहेत. १ मिलिमीटरच्या जखमेला ज्या त्वचेने असं उत्तर दिलं, तिला मी फेब्रुवारीत १२ मिलिमीटरची ताजी जखम आणि वर टाक्यांची आठ भोकं दिली होती.

ठरलं ते असं, आधी इंजेक्शनं देऊन गाठ मऊ आणि लहान करायची, मग उरलेली काढायची, आणि काढल्यावर निदान एक वर्ष तिला सोडायचं नाही. इंजेक्शन ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं, स्टेरॉइड आहे, ते गाठीच्या आत देतात. पहिलं त्याच दिवशी घेतलं. गाठ इतकी घट्ट होती की औषध आत जाईना, मॅडमचा अंगठा थरथरत होता आणि पिचकारीतून थेंबही सरकत नव्हता. सुई फिरकीने घट्ट बसते अशी पिचकारी वापरली होती, साधी असती तर दाबाने सुई निसटून औषध उडालं असतं असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या वेळेपासून त्यांनी आधी द्रव नायट्रोजनने गाठ दहा-पंधरा सेकंद गोठवली, दहा मिनिटं बसवलं, तेवढ्यात ती थोडी सुजून सैल होते, आणि मग औषध गेलं. जाताना गाठ पांढरी पडते, ते बघितलं की समजायचं औषध गाठीतच आहे. खाली किंवा बाजूला गेलं तर चांगली त्वचा खचते. दुखतं का? हो, दुखतं, पहिली तीन खूपच. सोबत भूल मिसळलेली असूनही. तिथे जाताना मी रिकाम्या पोटी जाणं बंद केलं, कारण एकदा चक्कर आली होती.

दर चार ते पाच आठवड्यांनी एक, अशी मे २०२३ पर्यंत सहा झाली. खाज पहिल्याच इंजेक्शननंतर आठ-दहा दिवसांत गेली, आणि त्याचा मला झालेला आनंद शब्दात सांगता येणार नाही, कारण वर्षभर मी रात्री त्या कानावर ओला रुमाल ठेवून झोपत होते. आकार तिसऱ्यानंतर कमी व्हायला लागला. सहाव्यानंतर ११ मिलिमीटर आणि दाबली तर दबते अशी. दोन त्रास झाले तेही लिहिते कारण मला ते आधी सांगितले होते म्हणून मी घाबरले नाही. भोवतालची त्वचा पांढुरकी पडली, ती भरून यायला आठ-नऊ महिने लागले. आणि दोन वेळा मासिक पाळी पुढे-मागे झाली.

खर्चाचं बोलायचं तर एक इंजेक्शन स्वस्त वाटतं, पण तपासणीची फी, गोठवण्याचे वेगळे पैसे आणि दर वेळी अर्धा दिवसाची रजा, हे सगळं धरून सहाचा हिशोब आधीच करून ठेवा. ऑपरेशनसाठी विमा कंपनीकडे पूर्वमंजुरी मागितली तर तेरा दिवसांनी एका ओळीत नकार, "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया". मॅडमनी परत पत्र दिलं. पहिल्या पत्रात "कानाची गाठ काढणे" एवढंच होतं. दुसऱ्यात निदान, पट्टी लावून घेतलेले तारखेसह फोटो, दुखणं आणि खाज यांची नोंद, एकदा कापून परत आल्याचं, सहा इंजेक्शनं दिल्याचं, आणि काढलेला भाग तपासणीला जाणार असल्याचं, असं सगळं लिहिलं. आणखी तेवीस दिवसांनी ऑपरेशनचा खर्च मंजूर झाला, इंजेक्शनांचा नाही. पट्टीचे फोटो मी महिन्याच्या एक तारखेला घेत होते ते इथे कामी आले. तुम्हीही घ्या, एकाच उजेडात, एकाच कोनातून, पट्टी गाठीला टेकवून.

ऑपरेशनआधी रेडिएशनबद्दल बोलणं झालं. वारंवार परतणाऱ्या केलॉइडमध्ये कापल्यानंतर एक-दोन दिवसांच्या आतच रेडिएशन सुरू करतात, थोड्याच बैठका असतात, आणि परत येण्याचं प्रमाण त्याने बरंच कमी होतं. पण मी तिशीची, जागा मानेजवळची, आणि नीट उपचार पहिल्यांदाच होत होता, म्हणून मॅडम म्हणाल्या ते राखून ठेवू, आधी इंजेक्शन आणि दाब यांनी बघू. मला पटलं.

१८ जुलै २०२३. यावेळी सर्जननी गाठ सरळ कापली नाही. वरची पातळ त्वचा सालीसारखी सोलून बाजूला ठेवली, आतला टणक गोळा काढला आणि तीच साल परत अंथरून बारीक दोऱ्याने शिवली, म्हणजे शिवताना कुठेही ओढ पडली नाही. शिवून झाल्यावर कडेला तेच स्टेरॉइड. गोळा त्यांनी मला बाटलीत दाखवला. सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखा, पांढरा, चकचकीत, रक्ताचा मागमूस नाही. लॅबचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला, त्यात जाड, काचेसारखे दिसणारे कोलॅजनचे पट्टे असं लिहिलं होतं आणि निदान केलॉइड. रिपोर्ट मागून घ्याच, कारण क्वचित केलॉइडसारखी दिसणारी पण वेगळीच, त्वचेच्या कॅन्सरपैकी एखादी गाठ निघते, आणि ती नुसती बघून ओळखता येत नाही.

स्टेरॉइडमुळे जखम सावकाश भरते म्हणून टाके बाराव्या दिवशी काढले. तिसऱ्या आठवड्यात दाबाचं कानातलं सुरू झालं. दोन गोल चकत्या, मधे पाळी, बाजूला स्क्रू. रोज निदान बारा तास, सहा महिने ते वर्ष. मी रात्रभर आणि संध्याकाळी घरी आल्यावर घालायचे, चौदा तास भरायचे. पहिल्या आठवड्यात मी ते जास्त आवळलं, जितकं घट्ट तितकं चांगलं असं वाटून, आणि चौथ्या दिवशी चकतीच्या कडेखाली त्वचा फुटली. ताजी जखम म्हणजे परत तोच धोका, मी रडतच फोन केला. तीन दिवस बंद ठेवायला सांगितलं, मग आतून सिलिकॉनचा थर लावून दिला आणि आवळायचं माप सांगितलं. घातल्यावर पाळी किंचित फिकी पडावी पण दुखू नये, बधिर होऊ नये, आणि काढल्यावर रंग लगेच परत यावा. रात्री केस त्यात अडकतात, सैल वेणी घातली की प्रश्न मिटतो.

सोबत दर महिन्याला एक छोटं इंजेक्शन, असे चार. नोव्हेंबरमध्ये सहल आणि घरातलं कार्य यामुळे माझे जवळजवळ दहा दिवस कानातलं राहून गेलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला रेघेच्या खालच्या टोकाला खाज सुटली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मागच्या वेळी याच खाजेकडे मी दोन महिने दुर्लक्ष केलं होतं, यावेळी दुसऱ्या दिवशी गेले. मॅडमनी बोटाने चाचपून एका ठिकाणी तांदळाच्या कणीएवढं टणक दाखवलं, तिथे पाचवं इंजेक्शन दिलं, जानेवारीत सहावं. ते तिथेच थांबलं. केलॉइडच्या बाबतीत खाज आधी येते, लाली नंतर आणि उंची सगळ्यात शेवटी, हा क्रम मी आता दोनदा अंगावर अनुभवला आहे.

दाबाचं कानातलं ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवलं. परत येणारे बहुतेक केलॉइड पहिल्या एक-दोन वर्षांत परत येतात, म्हणून तपासणी आधी दर तीन महिन्यांनी होती, आता सहा महिन्यांनी आहे. पाळी उजव्यापेक्षा किंचित पातळ आहे, मागे एक पांढरी रेघ आहे आणि भोक नाही, ते मी परत पाडणार नाही.

यंदा मानेवरचा एक जुना तीळ "सहज काढून टाकू" असं एका डॉक्टरांनी सुचवलं. मी त्यांना फाइल दाखवली, त्यांनी तीळ भिंगातून बघितला, काळजीचं काही नाही म्हणाले, आणि आम्ही तो राहू दिला. माझ्या सगळ्या कागदांच्या पहिल्या पानावर आता "केलॉइडची प्रवृत्ती" असं लाल शाईत लिहिलेलं आहे, आईच्या फाइलवरही लिहून घेतलं. मामेबहिणीच्या मुलीला कान टोचायचे होते तेव्हा बहिणीने आधी मला फोन केला, आणि आम्ही बसून दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांच्या दंडांची आणि कानांची यादी केली, माझ्या आईचं नाव त्यात पहिलं.

या महिन्याच्या एक तारखेचा फोटो काढला. पट्टी टेकवून, नेहमीच्या खिडकीत. मोजायला काही नव्हतं, तरी तारीख टाकून ठेवला.